सहा टन राडारोडा, एक लिफ्ट आणि सोसायटीचे परिपत्रक

सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका सदस्याच्या ताब्यात असते, पण तिच्या भिंतीतला कॉलम, डोक्यावरचा स्लॅब, डक्टमधून उतरणारे नळ, जिना आणि लिफ्ट सगळ्यांची असतात. त्यामुळे घराच्या आतले कामही पूर्णपणे खासगी राहत नाही. महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी असलेल्या आदर्श उपविधींत सदस्याने समितीच्या लेखी परवानगीशिवाय सदनिकेत वाढ किंवा फेरबदल करू नयेत, अशी तरतूद आहे. त्या एका वाक्याचा रोजच्या कामापुरता अर्थ लावून देणारा कागद म्हणजे इंटेरिअर कामाचे परिपत्रक. कामाच्या वेळा, राडारोडा, लिफ्टची काळजी आणि अनामत रक्कम हे त्याचे नेहमीचे चार भाग. बहुतेक परिपत्रकांत ते चार ओळींत उरकलेले असतात आणि पुढची भांडणे तिथूनच सुरू होतात.

उदाहरणासाठी मुलुंडमधली सात मजल्यांची, एकच लिफ्ट असलेली जुनी इमारत घेऊ. चौथ्या मजल्यावरच्या ६० चौरस मीटरच्या दोन बेडरूमच्या घरात सगळी फरशी बदलायची आहे, दोन्ही न्हाणीघरे नव्याने करायची आहेत आणि स्वयंपाकाचा ओटा काढायचा आहे.

पहिली पायरी अर्जाची. ‘रिनोव्हेशन करणार आहे’ एवढे लिहिलेला अर्ज समितीने स्वीकारू नये. कोणती भिंत तुटणार, कुठली फरशी निघणार, नळ आणि सांडपाण्याचे पाइप कुठून कुठे जाणार, हे साध्या हाताने काढलेल्या आराखड्यावर दाखवलेले असावे. काम किती दिवस चालेल, कंत्राटदार कोण आणि मजूर कोण, हेही त्यात असावे. कॉलम, बीम आणि स्लॅबला हात लावायचा नाही, वायरिंगसाठी बीममध्ये खाचा मारायच्या नाहीत आणि न्हाणीघराची जागा सरकवून खालच्या घराच्या झोपण्याच्या खोलीवर आणायची नाही, या तीन गोष्टी परवानगीपत्रात स्पष्ट शब्दांत आल्या पाहिजेत. बाल्कनी बंद करणे किंवा इमारतीच्या सांगाड्याशी संबंधित बदल हे पालिकेच्या परवानगीचे विषय आहेत. समितीचे ना-हरकत पत्र त्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

वेळांच्या बाबतीत परिपत्रके सहसा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असे लिहितात आणि रविवार व सणांच्या दिवशी काम बंद ठेवतात. केंद्राच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. पण ही मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे. इमारतीतला त्रास वेगळ्या वाटेने येतो. चौथ्या मजल्यावर ब्रेकर चालतो तेव्हा त्याचे हादरे काँक्रीटमधून थेट वर-खाली जातात, त्यामुळे खिडक्या बंद करूनही दुसऱ्या मजल्यावर ते ऐकू येतात. म्हणून कामाचे दोन भाग करणे शहाणपणाचे. तोडफोड, भिंतीत खाचा मारणे, कटर आणि ड्रिल यांना ठरलेल्या वेळा द्याव्यात, समजा अकरा ते एक आणि चार ते सहा. रंगकाम, घासकाम, फर्निचरची जोडणी ही शांत कामे दिवसभर चालू द्यावीत. असे केले की मालकाचे दिवस वाया जात नाहीत आणि दुपारी झोपणारी म्हातारी माणसे व लहान मुले सुटतात. तोडफोड सलग चार-पाच दिवसांत संपवण्याची अट घातली आणि त्या तारखा फलकावर आधी लावल्या, तर शेजारीही सहन करतात. लोकांना आवाजापेक्षा तो कधी थांबणार हे माहीत नसल्याचा राग अधिक असतो. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात तोडफोडीला नवी परवानगी न देणे हा अनेक सोसायट्यांचा नियम रास्त आहे.

आता राडारोड्याकडे वळू, कारण परिपत्रकाची खरी परीक्षा तिथे होते. जुनी मोझेक फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून साधारण ५० मिलिमीटर जाडी निघते. ६० चौरस मीटरला तिचे घनफळ ३ घनमीटर होते. एका घनमीटरचे वजन दोन टनांच्या आसपास धरले तर फक्त फरशीचाच राडारोडा सहा टन भरतो. न्हाणीघरांच्या टाइल्स, तिथला विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि ओटा त्याहून वेगळे. गोणीत २५ किलो माल भरला तर २४० गोण्या लागतात. गोणी गळ्यापर्यंत भरू नये, कारण तशी गोणी जड होते, मजूर ती ओढत नेतो आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा तुटतात.

एवढे वजन घरात ठेवता येते का? राहत्या घराचा स्लॅब माणसे आणि सामान यांच्यासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखलेला असतो. सुटा राडारोडा एक मीटर उंच रचला तर त्याच चौरस मीटरवर हजार किलोंहून अधिक भार येतो. सहा टन माल १५ चौरस मीटरच्या हॉलमध्ये सारखा पसरला तरी तो भार ४०० किलो होतो, म्हणजे दुप्पट. त्यात नवी वाळू, सिमेंट आणि टाइल्सची खोकी त्याच खोलीत येऊन पडतात. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत ही हयगय परवडत नाही. ढीग पडला की खालच्या घराच्या छताला लगेच काही दिसेलच असे नाही, पण नव्याने उमटलेल्या बारीक तडा किंवा गिलाव्याचे सुटलेले पोपडे दिसले तर काम थांबवून संरचना अभियंत्याला बोलवावे. परिपत्रकातला योग्य नियम असा: तोडलेला माल त्याच दिवशी गोण्यांत भरावा, गोण्या भिंतींच्या कडेने एकाच थरात ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत इमारतीबाहेर न्याव्यात. जिना, गच्ची, मीटर बॉक्ससमोरची जागा आणि पार्किंग येथे एकही गोणी राहू नये. जिना अडला तर आग लागल्यावर बाहेर पडण्याची वाटच बंद होते. सिमेंटचे पाणी न्हाणीच्या जाळीत ओतू नये, कारण ते आत घट्ट बसते आणि तुंबलेला पाइप बहुधा खालच्या मजल्यावरच्या घरात फुगतो.

बाहेर नेलेला माल कुठे जातो, हा प्रश्न समित्या टाळतात. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टेम्पो सुमारे पाऊण टन वाहून नेतो, म्हणजे सहा टनांसाठी आठ खेपा. सगळ्यात स्वस्त दर सांगणारा टेम्पोवाला अनेकदा खाडीकाठी, कांदळवनात किंवा रस्त्याकडेला माल रिकामा करतो. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याविषयीच्या केंद्राच्या २०१६च्या नियमांनी तो वेगळा ठेवून ठरलेल्या ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा अशा मालासाठीच आहे. परिपत्रकात म्हणून ‘राडारोडा हटवणे सदस्याची जबाबदारी’ एवढ्यावर थांबू नये. तो कुठे टाकला याची पावती किंवा सेवेच्या नोंदीची प्रत समितीकडे द्यावी, ही अट असावी.

२४० गोण्या खाली नेण्याचा भार शेवटी लिफ्टवर पडतो. सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते, म्हणजे माणशी ६८ किलो. एक मजूर आणि दहा गोण्या मिळून ३२० किलोंच्या आसपास होतात. तेवढेच सुरक्षित मानले तर २४ खेपा होतात. सोळा गोण्या चढवल्या की क्षमता ओलांडली जाते. अतिभाराचा भोंगा वाजल्यावर एक गोणी उतरवून पुन्हा बटण दाबण्याची सवय मजुरांना असते, आणि रोज क्षमतेच्या टोकावर चालणाऱ्या लिफ्टचे ब्रेक व दोर लवकर झिजतात. तरीही लिफ्ट बंद पडण्याचे अधिक सामान्य कारण वजन हे नसतेच. दाराखालच्या उंबऱ्याच्या खाचेत खडे आणि वाळू बसतात, दार पूर्ण मिटत नाही आणि दार मिटले नाही तर लिफ्ट हलत नाही. सिमेंटची बारीक धूळ दाराच्या सेन्सरवर बसली तरी दार पुन्हा पुन्हा उघडते. ओल्या गोण्यांचे पाणी खालच्या खड्ड्यात गेले तर तिथले विजेचे भाग खराब होतात. वार्षिक देखभालीचा करार करणाऱ्या कंपन्या असे नुकसान बहुधा गैरवापर धरतात आणि त्याचे बिल वेगळे लावतात.

म्हणून लिफ्टच्या आतल्या तिन्ही बाजूंना सहा मिलिमीटर प्लायवूड किंवा जाड फोम, तळाला रबरी चटई आणि उंबऱ्यावर सपाट पट्टी हे संरक्षण काम सुरू होण्याआधी सदस्याच्या खर्चाने लावावे. प्लायवूड बटणांवर आणि हवेच्या झरोक्यांवर येऊ देऊ नये. मालासाठी लिफ्टची वेळ अकरा ते साडेतीन ठेवली तर शाळा-कार्यालयाची गर्दी टळते, आणि दर संध्याकाळी उंबऱ्याची खाच ब्रशने साफ करून घ्यावी. लिफ्टमध्ये न मावणाऱ्या लांब प्लायवूड-शीट आणि संगमरवराच्या लाद्या जिन्यानेच न्याव्यात. त्या तिरप्या घालून दार अर्धवट ठेवण्याचा प्रयत्न लिफ्ट मोडतो.

उरली अनामत रक्कम. समजा ती २५,००० रुपये ठरली. हा आकडा एका सभासदाचा उत्साह पाहून ठरवू नये, सगळ्यांना सारखा असावा आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाने मंजूर व्हावा. रक्कम चेकने घ्यावी आणि पावतीवर ‘परतफेडीची अनामत’ असे स्पष्ट लिहावे. हिशेबात ती संस्थेचे देणे म्हणून दाखवावी, उत्पन्नात मिसळू नये. काम सुरू होण्यापूर्वी सचिव आणि सदस्याने मिळून लिफ्ट, जिना, आपल्या मजल्याचा पॅसेज आणि खालच्या घराचे छत यांची छायाचित्रे काढून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. हा कागद नसेल तर भिंतीवरचा ओरखडा जुना की नवा, यावर पुढे वर्षभर वाद होतो.

काम संपल्यावर रक्कम लगेच देऊ नये, पण अडवूनही धरू नये. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स बसवण्याआधी पाणी साठवून ४८ तास ठेवावे आणि खालच्या घरात ओल येते का ते पाहावे. काम संपल्यानंतर आणखी तीस दिवस वाट पाहिली, तर पाइपच्या जोडांतून सावकाश होणारी गळतीही उघडी पडते. मग आपल्या उदाहरणात असे झाले समजा: लिफ्टच्या पत्र्याला खोक पडली, दुरुस्तीचे बिल ४,८०० रुपये आले, आणि आवारात राहिलेल्या गोण्यांसाठी संस्थेला एक टेम्पो १,८०० रुपयांना बोलवावा लागला. दोन्ही बिले जोडून ६,६०० वजा केले की १८,४०० रुपये परत करायचे. बिलाशिवाय एक रुपयाही कापू नये, आणि नियम मोडल्याचा दंड अनामतीत मिसळू नये. आदर्श उपविधींनुसार उपविधी मोडल्याचा दंड ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे आणि तो एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांपेक्षा अधिक नाही. अध्यक्षांनी तोंडी सांगितलेला दिवसाला हजाराचा दंड म्हणून टिकत नाही.

परतीची तारीख परिपत्रकातच छापलेली असावी, ‘काम पूर्ण झाल्यापासून ४५ दिवसांच्या आत’ अशी. ती उलटली आणि पैसे आले नाहीत, तर सदस्याने पावती व सह्या केलेल्या छायाचित्रांसह सचिवांकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि उत्तर न मिळाल्यास तो विषय सर्वसाधारण सभेत आणि नंतर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे न्यावा.