तेलाचा डबा 15 किलोचा की 15 लिटरचा? पाकिटावरची बारीक अक्षरं अशी वाचा

लग्नसराई आली की गावात तेलाच्या डब्यांची खरेदी सुरू होते. दुकानात दोन डबे शेजारी शेजारी असतात. दोन्हीवर मोठ्या अक्षरात '15' छापलेलं असतं. एक डबा दीडशे रुपयांनी स्वस्त मिळतो म्हणून गिऱ्हाईक तोच उचलतं. पण एका डब्यावर 15 नंतर किलो लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर लिटर. घरी कढई चढेपर्यंत हा फरक कुणाच्या लक्षातच येत नाही.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल असतं सुमारे 13 किलो 650 ग्रॅम. 15 किलोच्या डब्यापेक्षा ते जवळपास 1 किलो 350 ग्रॅमनं कमी भरतं.

आता हिशोब करून बघू. समजा 15 किलोचा डबा 2400 रुपयांना आहे आणि 15 लिटरचा 2250 रुपयांना. पहिल्याचा भाव पडला किलोला 160 रुपये. दुसऱ्याचे 2250 रुपये 13.65 नं भागले की किलोला जवळपास 165 रुपये येतात. म्हणजे जो डबा दीडशे रुपयांनी स्वस्त दिसत होता, तोच किलोमागे पाच रुपयांनी महाग पडला. यात कंपनीनं काही लपवलेलं नाही. डब्यावर सगळं छापलेलं होतं, फक्त ते वाचायला हवं होतं.

नेट वेट म्हणजे आतला माल

पाकिटावर 'नेट वेट' किंवा 'नेट क्वांटिटी' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ पिशवी, डबा, बरणी, खोका यांचं वजन सोडून आत भरलेला निव्वळ माल. म्हणून तेलाचा डबा काट्यावर ठेवला तर तो छापील आकड्यापेक्षा जास्तच भरणार, त्यात डब्याच्या पत्र्याचं वजनही येतं. मशीननं माल भरताना थोडं कमी-जास्त होतं, तेवढी सूट नियमात दिली आहे. एक किलोच्या पाकिटाला ती 15 ग्रॅमपर्यंत आहे. 10 ग्रॅम कमी भरलं म्हणून तक्रार टिकणार नाही, पण 50 ग्रॅम कमी भरलं तर नक्की टिकेल.

पूर्वी तेल, पीठ, बिस्किटं, चहा अशा ठराविक मालाची पाकिटं सरकारनं ठरवलेल्या वजनातच विकावी लागत. 2022 पासून हे बंधन उठलं. त्यामुळे आता 850 ग्रॅमची तेलाची पिशवीही दिसते, आणि ती लांबून एक लिटरच्या पिशवीसारखीच वाटते. भाव वाढवण्याऐवजी आतला माल कमी करणं कंपनीला सोपं जातं, कारण गिऱ्हाईक किंमत बघतं, ग्रॅम बघत नाही.

यावर उपाय म्हणून पाकिटावर आणखी एक आकडा छापलेला असतो. त्याला 'युनिट सेल प्राइस' म्हणतात, काही ठिकाणी नुसतं 'यूएसपी' लिहितात. एका ग्रॅमला किंवा एका किलोला, एका मिलिलिटरला किंवा एका लिटरला किती रुपये पडतात ते त्यावरून कळतं. दोन वेगवेगळ्या वजनाच्या पाकिटांत स्वस्त कुठलं, हे ठरवायला हाच आकडा कामाचा. मात्र तो छापील किमतीवर काढलेला असतो. दुकानदार छापील किमतीपेक्षा कमी भावात देत असेल, तर तुम्ही प्रत्यक्ष देणार त्या पैशाला नेट वेटनं भागा. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एमआरपी ही वरची हद्द

एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किरकोळ विक्री किंमत. त्यात सगळे कर धरलेले असतात. त्यामुळे एमआरपी लावून वर पुन्हा जीएसटी मागता येत नाही. थंड बाटलीवर 'फ्रीजचे दोन रुपये' जास्त घेणं, एसटी स्टँडवर किंवा जत्रेत पाण्याची बाटली चढ्या भावानं विकणं, हेही दुकानदाराला चालत नाही. कमी भावात मात्र तो खुशाल विकू शकतो. एमआरपी ही वरची हद्द आहे, ठरलेला भाव नव्हे. म्हणून डबा घेताना घासाघीस करायला काहीच हरकत नाही.

किमतीवर चिठ्ठी चिकटवलेली दिसली तर नीट बघा. किंमत कमी केली असेल तरच अशी चिठ्ठी लावता येते, आणि तीही मूळ किंमत झाकून नाही. चिठ्ठीखाली जुनी किंमत दडवली असेल किंवा आकडा खरवडला असेल, तर तो माल घेऊ नका.

तारीख कुठली, कशाची?

तारखांचा घोळ सगळ्यात जास्त होतो. 'एमएफडी' किंवा 'एमएफजी' म्हणजे माल तयार झाल्याची तारीख. 'पीकेडी' म्हणजे पाकिटात भरल्याची तारीख. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे शेवटची तारीख, त्यानंतर तो माल विकायचाही नाही आणि खायचाही नाही.

'बेस्ट बिफोर'चा अर्थ वेगळा आहे. त्या तारखेपर्यंत मालाची चव, वास, कुरकुरीतपणा चांगला राहील, असं कंपनी सांगते. तारीख उलटली की माल लगेच विषारी होत नाही, पण बिस्किट मऊ पडेल, तेलाला खवट वास येईल.

बऱ्याच पाकिटांवर थेट तारीख नसते, 'पॅकिंगपासून 9 महिने' असं लिहिलेलं असतं. तेव्हा महिने आपल्यालाच मोजावे लागतात. पीकेडी ऑगस्ट 2025 असेल, तर नऊ महिने मे 2026 मध्ये भरतात. पीकेडी सापडत नसेल तर पिशवीची वरची-खालची दुमड आणि डब्याचं बूड बघा. बऱ्याचदा तारीख, बॅच नंबर आणि किंमत तिथंच बारीक ठिपक्यांत छापलेली असते. ती पुसट, खाडाखोड केलेली किंवा एकावर एक छापलेली दिसली, तर पाकीट परत करा.

एक गोष्ट विसरू नका. ही तारीख बंद पाकिटाची असते, आणि कंपनीनं सांगितल्याप्रमाणे माल ठेवला असेल तरच ती खरी. 'थंड व कोरड्या जागी ठेवा' असं लिहिलेलं पाकीट टपरीवर महिनाभर उन्हात लटकलं असेल, तर तारखेचा भरवसा धरू नका. दुधाची पिशवी फ्रीजबाहेर राहिली किंवा फुगलेली दिसली, तर तारीख शिल्लक असली तरी घेऊ नका. पाकीट फोडल्यावर तर ती तारीख संपलीच म्हणून समजा.

फसवणूक झाली तर

आधी पक्कं बिल मागा. पाकिटाच्या सगळ्या बाजूंचे फोटो काढा, त्यात बॅच नंबर आणि किंमत स्पष्ट दिसली पाहिजे. पाकीट फेकू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवता येते. जास्त किंमत किंवा कमी वजनाची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे जाते, मुदत संपलेल्या किंवा खराब मालाची अन्न व औषध प्रशासनाकडे. कंपनीचा ग्राहक सेवेचा नंबर आणि पत्ता पाकिटावरच असतो. मालाचाच दोष असेल, तर पाकीट बदलून मिळण्यासाठी तिथं फोन करून बघा.

डबा घेताना एवढं करा: 15 च्या पुढचं अक्षर वाचा, तारीख शोधा आणि मगच पैसे मोजा.