ट्यूबच्या मागचा क्रमांक वाचा

जलरंग शिकताना चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. लाल, पिवळा, निळा अशा तीन सुट्या ट्यूब पुरतात. चांगल्या रंगाच्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक बारीक अक्षरांत छापलेला असतो. अल्ट्रामरीन निळ्यावर फक्त 'पीबी २९' दिसलं, तर आत एकच रंगद्रव्य आहे. असा रंग दुसऱ्यात मिसळला तरी स्वच्छ राहतो. तीन-तीन क्रमांक असलेला रंग मिसळताना लवकर मळकट होतो. लाल घेताना 'पीआर ८३' टाळा, तो उजेडाने विटतो.

विन्सर अँड न्यूटनची कॉटमन मालिका सुरुवातीला उत्तम. कॅमलचे घ्यायचे तर स्टुडंटऐवजी आर्टिस्ट घ्या.

ब्रश एकच, ८ नंबरचा गोल सिंथेटिक. दुकानात तो पाण्यात बुडवून झटका. टोक जुळलं नाही, तर घेऊ नका.