ब्रँचखालची एक जागा आणि वाचलेल्या सायकलींचा खरा हिशेब

सोनीचं पहिलं प्लेस्टेशन १९९४ मध्ये बाजारात आलं. त्याच्या पोटात मिप्स घराण्यातला प्रोसेसर होता. त्या यंत्राचा एखादा प्रोग्राम असेंब्ली भाषेत वाचायला बसलं की एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. ‘इथून अमुक ठिकाणी उडी मार’ अशी आज्ञा दिसते, तिच्याखाली आणखी एक आज्ञा दिसते, आणि प्रोसेसर उडी मारण्याआधी ती खालची आज्ञाही पूर्ण करतो. उडी मारायची ठरो वा न ठरो, ती आज्ञा चालतेच. ही चूक नाही, मिप्सच्या रचनेतला तो लेखी नियम आहे. उडीच्या आज्ञेला ब्रँच म्हणतात आणि तिच्या लगेच खालच्या जागेला डिले स्लॉट.

ही जागा मुळात का निर्माण झाली, हे पाइपलाइनमुळे कळतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मिप्सचं काम सुरू केलं. पुढे त्यातून आलेल्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक आज्ञेचं काम पाच टप्प्यांत वाटलेलं होतं: आज्ञा मेमरीतून आणणं, ती उलगडून रजिस्टर वाचणं, गणित करणं, गरज असेल तर मेमरीत जाणं आणि शेवटी निकाल लिहिणं. पोळ्या करताना एक पोळी तव्यावर असते तेव्हा दुसरी पोळपाटावर लाटली जाते, तसंच इथेही एक आज्ञा उलगडली जात असताना तिच्या मागची आणली जाते. सगळं सुरळीत चाललं तर दर सायकलला एक आज्ञा पुरी होते.

अडचण ब्रँचपाशी येते. ‘हे दोन आकडे वेगळे असतील तर उडी मार’ या आज्ञेचा निर्णय दुसऱ्या टप्प्यात होतो, असं धरू. पाठ्यपुस्तकांतली नेहमीची रचना हीच असते आणि पुढचा हिशेबही आपण तिच्यावरच करू. निर्णय होईपर्यंत पुढची आज्ञा आणण्याची वेळ आलेली असते, पण ती कुठून आणायची ते ठाऊक नसतं. एक उपाय म्हणजे एक सायकल थांबायचं. याला स्टॉल म्हणतात. दुसरा उपाय म्हणजे थांबायचं नाही, ब्रँचखालची आज्ञा आणायची आणि ती निमूटपणे पूर्ण करायची. तिथे उपयोगाचं काम ठेवण्याची जबाबदारी मग कंपायलरवर, किंवा हाताने असेंब्ली लिहिणाऱ्यावर येते. काम सापडलं नाही तर तिथे `nop`, म्हणजे ‘काही करू नकोस’ ही आज्ञा लिहावी लागते.

एक खरंखुरं उदाहरण घेऊ. १०० आकड्यांच्या यादीची बेरीज करायची आहे. `$a0` मध्ये चालू आकड्याचा पत्ता आहे, `$a1` मध्ये यादी संपते तिथला पत्ता, आणि `$v0` मध्ये बेरीज साठते.

```
loop: lw    $t0, 0($a0)
      addiu $a0, $a0, 4
      addu  $v0, $v0, $t0
      bne   $a0, $a1, loop
      nop
```

आधी आकडा आणला, मग पत्ता चारने पुढे सरकवला, मग बेरीज केली आणि पत्ता शेवटाला पोचला नसेल तर परत वर उडी मारली. एका फेरीला पाच सायकली लागतात. स्टॉल करणाऱ्या यंत्रावर `nop` लिहावा लागत नाही, पण चार आज्ञांच्या चार सायकली आणि थांबण्याची एक मिळून पाचच होतात. म्हणजे रिकामा डिले स्लॉट आणि स्टॉल या दोन्हींना सारखाच वेळ लागतो. १०० फेऱ्यांना दोन्हीकडे ५०० सायकली. सुरुवातीला पाइपलाइन भरायला लागणाऱ्या चार सायकली दोन्हीकडे सारख्याच, म्हणून त्या सोडून दिल्या.

आता स्लॉट भरायचा. ब्रँचच्या वरची अशी आज्ञा शोधायची, जिच्या निकालावर ब्रँचचा निर्णय अवलंबून नाही. `addiu` चालणार नाही, कारण ती बदलते तो `$a0` ब्रँचला तपासायचा आहे. `addu` मात्र मोकळी आहे. ती उचलून ब्रँचखाली ठेवावी हे साहजिकच सुचतं. `nop` गेला, कोडमध्ये चारच ओळी राहिल्या.

पण घड्याळ लावलं तर फेरी अजूनही पाच सायकलींचीच निघते. `addu` मधून निघून गेल्यावर `addiu` आणि `bne` एकमेकींना चिकटल्या. `bne` दुसऱ्या टप्प्यात `$a0` मागते, त्याच सायकलमध्ये `addiu` तिसऱ्या टप्प्यात तो आकडा अजून तयार करत असते. आकडा हाती येईपर्यंत `bne` ला एक सायकल थांबावं लागतं. एक रिकामी जागा भरली आणि दुसरी तयार झाली.

त्यावर तोड आहे. पत्ता आधी सरकवायचा आणि आकडा आणताना चार मागे जाऊन आणायचा:

```
loop: addiu $a0, $a0, 4
      lw    $t0, -4($a0)
      bne   $a0, $a1, loop
      addu  $v0, $v0, $t0
```

आता `addiu` आणि `bne` यांच्यामध्ये `lw` आहे, त्यामुळे `$a0` वेळेत तयार होतो. मेमरीतून आलेला आकडा लगेच पुढच्या आज्ञेला मिळत नाही, एक सायकल जावी लागते. `lw` आणि `addu` यांच्यामध्ये `bne` असल्याने तीही सोय झाली. एकही स्टॉल उरला नाही. फेरीला चार सायकली, १०० फेऱ्यांना ४००. स्टॉलच्या तुलनेत १०० सायकली वाचल्या, म्हणजे वेळ २० टक्के कमी झाला आणि वेग १.२५ पट झाला.

हे कोड बरोबर चालतं का, हे घरी पडताळता येतं. अमेरिकेतल्या मिझुरी स्टेट विद्यापीठात तयार झालेला MARS नावाचा मोफत सिम्युलेटर मिप्सचं कोड चालवून दाखवतो. त्यात डिले स्लॉट पाळण्याची सोय असते, पण सुरुवातीला ती बंद असते. यादीत १०, २०, ३० आणि ४० हे चार आकडे घाला. सोय चालू असेल तर उत्तर १०० येतं. बंद असेल तर ४० येतं, कारण `addu` उडीच्या वाटेत न येता शेवटी एकदाच चालते आणि फक्त शेवटचा आकडा जमा होतो. ‘कोड बरोबर आहे, तरी उत्तर चुकतंय’ असं वाटलं तर आधी ही सेटिंग पाहावी.

वरून मोकळी आज्ञा दर वेळी मिळतेच असं नाही. मग कंपायलर उडी जिथे पडणार तिथली पहिली आज्ञा उचलून तिची प्रत स्लॉटमध्ये ठेवतो, किंवा उडी न मारल्यास पुढे येणारी आज्ञा तिथे सरकवतो. पहिल्या प्रकारात उडी मारली तरच काम कारणी लागतं, दुसऱ्यात मारली नाही तरच. शिवाय दोन्हींत एक अट आहे: अंदाज चुकला तरी ती आज्ञा निरुपद्रवी असली पाहिजे. ही अट मोडली की काय होतं, ते पाहा:

```
      beq   $a0, $zero, done
      lw    $t0, 0($a0)
```

‘पत्ता शून्य असेल तर काम संपलं, नसेल तर तिथला आकडा आण’ असा इथे हेतू आहे. पण `lw` स्लॉटमध्ये आहे, म्हणून पत्ता शून्य असतानाही ती चालते. ऑपरेटिंग सिस्टिम शून्य पत्ता वाचू देत नसेल तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. बेरीज, वजाबाकीसारखी आज्ञा वाया गेली तर निदान नुकसान होत नाही, अर्थात तिने बदललेलं रजिस्टर दुसऱ्या वाटेवर कुणाला लागत नसेल तर. मेमरीला हात लावणारी आज्ञा अशा अंदाजाने सरकवणं धोक्याचं.

आता पूर्ण प्रोग्रामचा हिशेब. समजा कामाच्या १००० आज्ञा चालल्या आणि त्यांत २०० ब्रँच होत्या. स्टॉल करणाऱ्या यंत्राला १२०० सायकली लागतील. डिले स्लॉटच्या यंत्रावर २०० स्लॉटपैकी १०० वरच्या आज्ञांनी भरले, ते सगळे कारणी लागले. ५० स्लॉट उडीच्या ठिकाणाहून भरले आणि त्या ब्रँचपैकी ८० टक्के वेळा उडी खरोखर घेतली गेली, म्हणजे ४० कारणी लागले, १० वाया गेले. उरलेल्या ५० मध्ये `nop`. एकूण १४० सायकली वाचल्या, लागल्या १०६०. वेग सुमारे १.१३ पट झाला. भरलेले स्लॉट १५० असले तरी बचत १४० चीच धरायची. आणि स्लॉट भरण्याच्या नादात, मघाच्या बेरजेसारखे नवे स्टॉल निर्माण झाले असतील, तर तेही यातून वजा करायचे.

हिशेबात आणखी एक फसगत होते. दर आज्ञेमागे सरासरी किती सायकली लागल्या, हा आकडा प्रोसेसरच्या वेगाचं माप म्हणून सर्रास सांगतात. आपल्या पहिल्या कोडमध्ये पाच आज्ञांना पाच सायकली लागतात, म्हणजे सरासरी १. स्टॉलच्या यंत्रावर चार आज्ञांना पाच, म्हणजे १.२५. पहिलं यंत्र सरस वाटतं, पण काम आणि वेळ दोन्हीकडे तेवढंच आहे. `nop` आज्ञा म्हणून मोजला गेल्यामुळे सरासरी सुधारलेली दिसते.

एक स्लॉट पुरेसा होता तो पाच टप्प्यांच्या पाइपलाइनला. १९९१ च्या मिप्स R4000 मध्ये टप्पे आठ झाले आणि घेतलेल्या उडीची किंमत तीन सायकली झाली. जुने प्रोग्राम चालू राहावेत म्हणून स्लॉट एकच ठेवावा लागला. उरलेल्या दोन सायकली यंत्राला थांबूनच काढाव्या लागत. पुढे उडीचा अंदाज बांधणारं हार्डवेअर इतकं चांगलं झालं की स्लॉटची गरज उरली नाही, त्याची कटकट मात्र राहिली. स्लॉटमधल्या आज्ञेत बिघाड झाला तर नुसती तीच पुन्हा चालवून भागत नाही, आधीची ब्रँचही पुन्हा चालवावी लागते. त्यासाठी मिप्सच्या `Cause` रजिस्टरमध्ये एक वेगळा बिटच राखून ठेवला आहे. १९९२ च्या अल्फा प्रोसेसरने डिले स्लॉट घेतलाच नाही आणि २०१० मध्ये बर्कलेत सुरू झालेल्या रिस्क-फाइव्हनेही तो मुद्दाम टाळला.

तेव्हा परीक्षेत किंवा कामावर हा हिशेब करायची वेळ आली तर कोडमधून किती `nop` गेले हे मोजू नका. त्याच कामाला दोन्ही यंत्रांवर एकूण किती सायकली लागल्या ते मोजा आणि वजाबाकी करा. डिले स्लॉटची खरी कमाई तेवढीच.