‘मर्यादित वापर’ म्हणजे नेमका किती?

ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळागळतीवर प्रबंध लिहिणारी एक विद्यार्थिनी आहे, असं समजा. तिसऱ्या प्रकरणाची मांडणी जुळेना, म्हणून तिने चॅटजीपीटीची मदत घेतली. आता प्रबंध सादर करायची वेळ आली आणि धाकधूक सुरू झाली. मार्गदर्शक मॅडमना पाठवायच्या मेलचा पहिला खर्डा असा: ‘मॅडम, आराखड्यासाठी मी एआयचा मर्यादित वापर केला आहे. तो जाहीर करावा लागेल का?’

यावर मॅडम काय सांगणार? कुणी शुद्धलेखन तपासून घेतं, कुणी अख्खं प्रकरण लिहवून घेतं, आणि दोघंही ‘मर्यादित’च म्हणतात. दुसरा खर्डा मात्र कामाचा आहे:

‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. तिसऱ्या प्रकरणाचे मुद्दे मी आधी वहीत काढले होते. ते चॅटजीपीटीला देऊन क्रम विचारला. त्याने सुचवलेल्या सहा उपशीर्षकांपैकी चार ठेवली. “हंगामी वसतिगृहं” हा मुद्दा माझ्या टिपणांत नव्हता, तो तिथून आला. मजकूर सगळा मी लिहिला आहे. मुलाखती त्यात टाकलेल्या नाहीत. वहीच्या पानांचे फोटो आणि ते संभाषण सोबत जोडलं आहे. हे प्रबंधात नोंदवायचं का आणि कुठे?’

इथे वसतिगृहांचं वाक्य सगळ्यात मोलाचं. आपल्याच मुद्द्यांचा क्रम लावून घेणं वेगळं आणि नवा मुद्दा बाहेरून येणं वेगळं. तोंडी परीक्षेत ‘हे कसं सुचलं?’ असं विचारलं जाणार ते दुसऱ्याबद्दलच. मुलाखतींचं वाक्यही तितकंच गरजेचं. ज्या आईबापांनी विश्वासाने माहिती दिली, त्यांची परवानगी एखाद्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरसाठी नव्हती.

साम्य-अहवाल स्वच्छ आहे, मग सांगायचं कशाला, असंही काहींना वाटतं. यूजीसीचे वाङ्मयचौर्यविरोधी नियम 2018चे आहेत. ते मजकुरातलं साम्य मोजतात आणि 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर 2022मध्ये. उसना आराखडा साम्य-अहवालात दिसतच नाही, त्यामुळे त्या अहवालाने या प्रश्नाचा निकाल लागत नाही. संशोधन-नियतकालिकांना प्रकाशन-नीतीबाबत सल्ला देणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने 2023मध्ये भूमिका घेतली: साधनाला लेखक म्हणता येणार नाही, पण वापर सांगायला हवा. बरेच प्रकाशक शुद्धलेखन-व्याकरणाला सूट देतात. आराखडा मधल्या पट्ट्यात येतो. म्हणून आधी विद्यापीठाचा नियम पाहावा. तो नसेल तर मार्गदर्शकांचं उत्तर लेखी घ्यावं, आणि तेही प्रबंध जमा करण्याआधी.

माझ्या मते या विद्यार्थिनीने नोंद करावी. एवढं पुरेल: ‘प्रकरण 3मधील उपशीर्षकांचा क्रम ठरवताना चॅटजीपीटीची मदत घेतली; हंगामी वसतिगृहांचा मुद्दा त्यातून सुचला आणि नंतर मूळ कागदपत्रांवरून तपासला. मजकूर माझा आहे.’ ही ओळ संशोधन पद्धतीच्या प्रकरणात शोभते. ऋणनिर्देशात, आईवडिलांच्या आणि ग्रंथपालांच्या रांगेत, यंत्राचे आभार कशाला?