राखायची प्रत आणि टाकायची प्रत

पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, जिला प्रयोगशाळांतून सर्वत्र पीसीआर या सुटसुटीत नावानेच ओळखतात, तिच्यासाठी कोणते विकर वापरावे हा प्रश्न बहुधा शीतपेटीत कोणती नळी शिल्लक आहे यावरून सुटतो. वास्तविक तो सुटावा दुसऱ्याच एका प्रश्नावरून : या अभिक्रियेतून निघणारी डीएनएची प्रत आपण जपून ठेवणार आहोत, की तिची लांबी तेवढी पाहून ती टाकून देणार आहोत? एकाच क्लोनिंगच्या कामात हे दोन्ही प्रसंग येतात, आणि त्या दोहोंस एकच विकर लावण्याचा हट्ट धरला की एकीकडे अशुद्ध जनुक हाती येते किंवा दुसरीकडे महागडे द्रव्य निष्कारण खर्ची पडते.

या विद्येचे जुने व अद्याप कामावर असलेले विकर म्हणजे टॅक पॉलिमरेज. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाच्या उष्ण झऱ्यांत टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना सापडलेल्या, आणि १९६९ साली त्यांनी वर्णन केलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जीवाणूपासून ते मिळाले. त्यापूर्वी प्रत्येक आवर्तनात उष्णतेने मृत होणारे विकर पुनःपुन्हा घालावे लागे. टॅकमुळे ती यातायात संपली. परंतु टॅकमध्ये एक उणीव उपजतच आहे. चुकीचा क्षार जोडला गेला तर मागे वळून तो छाटण्याची क्षमता त्याच्यापाशी नाही. इटलीतील व्हल्कानो बेटानजीकच्या तप्त सागरी गाळातून मिळालेल्या पायरोकॉकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवाच्या पीएफयू पॉलिमरेजमध्ये ही क्षमता आहे. साखळीच्या टोकाला विजोड क्षार बसला की तिची पुढची वाढ मंदावते, ते टोक सुटून विकराच्या दुसऱ्या खोबणीत जाते, तेथे तो क्षार कापला जातो आणि लेखन पुन्हा सुरू होते. कचेरीतील एखादा नक्कलनवीस प्रत्येक अक्षर लिहून झाल्यावर मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहतो आणि दुसरा केवळ लिहीत सुटतो, तसा या दोहोंतील भेद आहे. आज बाजारात असलेली फ्यूजन, क्यू-फाइव इत्यादी उच्चनिष्ठ विकरे याच ताडून पाहणाऱ्या वर्गातली असून, त्यांना डीएनएवर घट्ट बसविणारे एक प्रथिन जोडलेले असल्यामुळे ती वेगवानही झाली आहेत.

आता एक प्रत्यक्ष काम हाती घेऊ. हिरव्या प्रकाशाने चमकणाऱ्या प्रथिनाचे सुधारित जनुक, म्हणजे ईजीएफपी, हे ७२० क्षारजोड्यांचे आहे. ते पीईजीएफपी-एन-वन या प्लास्मिडमधून उचलून, एनडीई-वन आणि एक्सएचओ-वन या कर्तक विकरांच्या जागांमध्ये, पीईटी-२८ए या प्लास्मिडात बसवावयाचे आहे. येथे पीसीआरने निर्माण झालेला प्रत्येक रेणू संभाव्य वारस असतो, कारण पुढे एका वसाहतीत, ज्यास आपण कॉलनी म्हणतो, त्यांतला एकच रेणू शिरतो व त्याचीच संतती वाढते. नळीतल्या अब्जावधी रेणूंत विखुरलेल्या चुका सरासरीत लपून जातात. परंतु वसाहतीत शिरलेल्या एका रेणूची चूक कायमची होऊन बसते.

टॅकच्या चुकांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीनुसार बदलते. आपण हिशेबासाठी दर ५०,००० क्षारांमागे एक चूक असा सौम्य आकडा धरू. येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. चूक आवर्तनांच्या संख्येवर नव्हे, तर डीएनए किती वेळा दुप्पट झाला यावर अवलंबून असते. यंत्रात तीस आवर्तने फिरविली तरी, मूळ साचा भरपूर असेल तर, मध्येच प्रायमर व अन्य द्रव्ये संपतात आणि प्रत्यक्षात दुपटी दहाच होतात. समजा, साचा अत्यल्प घेतल्याने वीस दुपटी झाल्या, तर ७२० गुणिले २० म्हणजे १४,४०० क्षारांचे लेखन प्रत्येक रेणूच्या पूर्वजांत झालेले असते, व सुमारे चारांतील एका रेणूत निदान एक चूक असते. तेच १० नॅनोग्रॅम प्लास्मिड घेतले, तर त्यात आपला तुकडा सुमारे दीड नॅनोग्रॅम असतो. तो दीड मायक्रोग्रॅम होईपर्यंत हजारपट म्हणजे दहा दुपटी पुरतात आणि चुकीचे रेणू सुमारे सातांत एक एवढे उतरतात. याउलट, पन्नासपट अधिक निष्ठावंत विकराने वीस दुपटी केल्या तरी चुकीचा रेणू दीडशे-दोनशेंत एखादाच निघतो. तुकडा लांब असेल तर टॅकचा हा हिशेब आणखी बिघडतो. तीन हजार क्षारजोड्यांच्या जनुकास टॅक लावणे म्हणजे पुढील महिनाभर क्रमवाचनाचा खर्च स्वतःहून पत्करणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

उच्चनिष्ठ विकराची स्वतःची काही शिस्त आहे. वियोजन ९८ अंशांवर थोड्याच सेकंदांत होते, प्रायमर बसण्याचे तापमान टॅकच्या तुलनेत काही अंशांनी चढवावे लागते, आणि दर हजार क्षारजोड्यांस टॅकला लागणाऱ्या एका मिनिटाऐवजी पंधरा ते तीस सेकंद पुरतात. छाटण्याची शक्ती दुधारी असते : अभिक्रिया खोलीच्या उष्णतेत रेंगाळली तर तेच विकर प्रायमरची टोके कुरतडते, म्हणून मिश्रण बर्फावर करून विकर सर्वांत शेवटी घालावे. त्याच्या प्रतींची टोके बोथट असतात, तर टॅक प्रत्येक टोकास एक ॲडेनिन जादा लावून ठेवते. आपण कर्तक विकरांनी टोके कापणारच असल्यामुळे हा भेद येथे गौण आहे. मात्र टीए पद्धतीचा वाहक वापरणाऱ्यास त्या ॲडेनिनवाचून गत्यंतर नसते.

साचा भरपूर घेण्याचा सल्ला वर दिला खरा, पण त्याची किंमत याच कामात दिसून येते. पीईजीएफपी-एन-वन आणि पीईटी-२८ए या दोन्ही प्लास्मिडांवर कॅनामायसिनचा प्रतिकार आहे. पीसीआर संपल्यावर उरलेला साचा लिगेशनच्या मिश्रणातून जीवाणूंत शिरला, तर कॅनामायसिनच्या थाळीवर त्याच्याही वसाहती निर्धास्त वाढतात, आणि दिसायला त्या इष्ट वसाहतींहून भिन्न नसतात. यास्तव पीसीआरनंतर डीपीएन-वन हे विकर घालून मिश्रण ३७ अंशांवर ठेवतात. ते मेथिल-खूण असलेलाच डीएनए कापते. जीवाणूत वाढलेल्या साच्यावर ती खूण असते, नळीत बनलेल्या प्रतींवर नसते. तरीही थोडा साचा निसटतोच, आणि म्हणूनच पुढील तपासणीची रचना विचारपूर्वक करावी लागते.

ती तपासणी म्हणजे कॉलनी पीसीआर. पूर्वीची रीत अशी की, प्रत्येक वसाहत रात्रभर द्रवात वाढवावी, दुसऱ्या दिवशी प्लास्मिड वेगळे करावे, ते कापून जेलवर पाहावे. कॉलनी पीसीआरमध्ये थाळीवर वसाहती दिसल्याच्या दिवशीच, दोन-तीन तासांत, कोणत्या वसाहती वाढविण्यायोग्य आहेत हे कळते. येथे प्रत केवळ पाहायची आहे, ठेवायची नाही. तेव्हा साधे टॅकच योग्य. पाच-पन्नास चुका विखुरल्या तरी तुकड्याची लांबी बदलत नाही, विकर स्वस्त पडते, आणि रंग व जडपणा देणारे द्रव्य आधीच मिसळलेले टॅकचे मिश्रण थेट जेलवर ओतता येते.

वीस मायक्रोलीटर मिश्रण नळ्यांत वाटून घ्यावे. निर्जंतुक टोकाने वसाहतीस नुसता स्पर्श करून ते टोक प्रथम कॅनामायसिनच्या नव्या थाळीवर क्रमांक घातलेल्या चौकोनात टेकवावे आणि मगच मिश्रणात ढवळावे. हा क्रम उलटला तर उत्तर मिळते पण वसाहत हरवते. नवशिक्याचा हात येथे उदार होतो आणि वसाहतीचा गोळाच नळीत जातो. पेशींचा असा भरणा विकरास मारक ठरतो आणि जेलवर पट्टा न उमटता वरच्या खाचेत धुरकट डाग राहतो. टोकावर डोळ्यांस जेमतेम दिसेल एवढेच पुरे. आरंभी ९५ अंशांवर पाच मिनिटे ठेवल्याने पेशी फुटतात. नंतर तीस आवर्तने, प्रायमरसाठी ५२ ते ५५ अंश, आणि ७२ अंशांवर एक मिनिट.

प्रायमरची निवड हा या कामाचा गाभा होय. जनुकाचे दोन्ही प्रायमर हाताशी असतात म्हणून तेच वापरण्याचा मोह होतो. परंतु आपल्या उदाहरणात साच्याची वसाहतसुद्धा तंतोतंत ७२० चा पट्टा देईल, आणि लिगेशनमधून थाळीच्या पृष्ठभागावर सांडलेला मोकळा तुकडाही देईल. सर्व वसाहती यशस्वी दिसणे हे येथे आनंदाचे नव्हे, संशयाचे कारण आहे. म्हणून वाहकावरील टी-सेव्हन प्रमोटर आणि टी-सेव्हन टर्मिनेटर हे प्रायमर घ्यावेत. रिकाम्या पीईटी-२८ए मधून सुमारे ३०० चा पट्टा येतो. त्यातील ऐंशीएक क्षारजोड्या जाऊन ७२० आत आल्या की तो सुमारे ९५० होतो. साच्याच्या प्लास्मिडावर टी-सेव्हनच्या जागाच नसल्याने तेथे काहीच येत नाही. एकाच कर्तक विकराने बसविलेला तुकडा उलटा बसला असण्याची शक्यता असते तेव्हा एक प्रायमर वाहकावरचा व एक जनुकातला घ्यावा. आपल्याकडे दोन भिन्न टोके आहेत, तेव्हा ती तजवीज नको.

समजा, आठ वसाहती तपासल्या. पाचांत ९५० चा ठळक पट्टा, एकीत ३०० चा, एकीत काहीच नाही आणि एकीत ३०० च्या जोडीने ९५० ची पुसट रेघ. पाच स्पष्ट आहेत व सहावी रिकाम्या वाहकाची. पट्टा न आलेली सातवी साच्याची असेल किंवा अभिक्रियाच बिघडली असेल. या दोहोंचा निर्णय पेशी कमी घेऊन पुन्हा केल्यावाचून होत नाही, आणि म्हणूनच रिकाम्या वाहकाच्या वसाहतीची व बिनपेशींची अशा दोन नळ्या दरवेळी सोबत लावाव्यात. आठवीची पुसट रेघ बहुधा थाळीवर पसरलेल्या जुळलेल्या रेणूंची असते. तिच्यावर विश्वासू नये. किती वसाहती घ्याव्यात, यास एक माफक गणित आहे : चारांतील एकच योग्य असेल असे धरले तरी आठ तपासल्यास निदान एक मिळण्याची शक्यता नव्वद टक्के होते.

परंतु ९५० चा पट्टा लांबीची ग्वाही देतो, अक्षरांची नव्हे. पाचांपैकी दोन वसाहती संध्याकाळी द्रवात वाढत ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी प्लास्मिड काढून त्याच दोन टी-सेव्हन प्रायमरांनी दोन्ही बाजूंनी क्रम वाचून घ्यावा. प्रायमरलगतचे पहिले तीस-चाळीस क्षार अस्पष्ट येतात, ती बाजू दुसरे वाचन भरून काढते. वाचनात चूक सापडली तर ती कोठे आहे हे आधी पाहावे. जनुकाच्या मध्यभागी असेल तर विकराकडे बोट दाखविता येते. पण पुष्कळदा ती अगदी टोकाशी, आपण मागविलेल्या प्रायमरच्याच अक्षरांत, बहुधा एक क्षार गळाल्याच्या रूपाने असते, आणि ती रासायनिक संश्लेषणातील असल्यामुळे कितीही निष्ठावंत पॉलिमरेज तीच चूक इमानाने उतरवून ठेवते. अशा वेळी विकर बदलू नये. उरलेल्या तीन वसाहतींपैकी एखादी वाचावी, आणि तीही तशीच निघाली तर प्रायमर शुद्धीकरण करून नव्याने मागवावा.