तीन कागद, एक हिशेब

निर्यातीच्या मालाबरोबर जाणारे तीन कागद एकाच मालाविषयी वेगवेगळे बोलतात. कमर्शियल इन्व्हॉइस हे विक्रेत्याचे बिल असते. त्यात दर, रक्कम आणि विक्रीच्या अटी येतात. पॅकिंग लिस्टमध्ये खोकी किती, प्रत्येकाचे निव्वळ आणि एकूण वजन किती, हा तपशील असतो. बिल ऑफ लेडिंग ही जहाज कंपनीची पावती; तिच्यावर नगांची संख्या आणि एकूण वजन असते, मालाची किंमत मात्र सहसा नसते.

समजा, तासगावचा बेदाणा न्हावा शेवा बंदरातून निघाला आहे. पॅकिंग लिस्टनुसार खोकी 1,900. प्रत्येकात 10 किलो बेदाणा, आणि पुठ्ठ्यासह खोक्याचे वजन 10.5 किलो. म्हणजे निव्वळ वजन 19,000 किलो आणि एकूण वजन 19,950 किलो. किलोला 1.60 डॉलर दराने मालाची किंमत 30,400 डॉलर होते. दर निव्वळ वजनावर लागतो, म्हणून ही रक्कम 19,000 किलोंशी जुळली पाहिजे. 19,950 किलोंनी गुणल्यास खरेदीदाराला पुठ्ठ्याचेही पैसे पडतात.

आता बिल ऑफ लेडिंगवर 1,890 खोकी दिसली, तर चूक कुठे आहे हे वजनावरून कळते. वजन 19,950 किलोच असेल, तर भागाकार 10.56 येतो. तो ठरलेल्या 10.5 किलोशी जुळत नाही, म्हणून आकडा लिहिण्यात चूक झाल्याचा संशय घ्यावा. वजन 19,845 किलो असेल, तर भागाकार बरोबर 10.5 येतो, तेव्हा दहा खोकी चढलीच नसण्याची शक्यता अधिक. अशा वेळी इन्व्हॉइसमधून 100 किलोंचे 160 डॉलर वजा व्हायला हवेत.

पडताळणी रिकाम्या कंटेनरचे वजन वगळून करावी. वीस फुटी कंटेनर साधारण 2,200 किलोंचा असतो. जहाजावर चढवण्यापूर्वी द्यावे लागणारे प्रमाणित वजन त्यासह असल्याने इथे ते 22,150 किलोंच्या आसपास येईल. ही तफावत चूक नव्हे.

किमतीची खूण भाड्याच्या नोंदीत सापडते. इन्व्हॉइस सीआयएफ अटीचे असेल, तर मालाच्या किमतीत सागरी भाडे आणि विमा मिळवलेला असतो आणि बिल ऑफ लेडिंगवर ‘फ्रेट प्रीपेड’ असते. एफओबी असेल, तर भाडे सहसा खरेदीदार देतो आणि ‘फ्रेट कलेक्ट’ लिहिलेले असते. नोंद उलटी दिसली, तर जाहीर केलेल्या किमतीत भाडे धरले आहे की नाही, हे विचारून घ्यावे.

दुरुस्ती बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यातच करणे सोपे आणि स्वस्त पडते. मात्र तिन्ही कागद जुळले, तरी माल पूर्ण असल्याची हमी मिळत नाही. निर्यातदाराने स्वतः भरून सील केलेल्या कंटेनरमधली खोकी जहाज कंपनी मोजत नाही. ‘सेड टू कंटेन’ या शेऱ्याचा अर्थ तोच आहे.