आधी ठरवा, ‘तू’ की ‘तुम्ही’?

समजा, एका रक्ततपासणी केंद्राने इंग्रजीतली तीन वाक्ये मराठी करायला पाठवली आहेत. तपासणीआधी आठ तास साध्या पाण्याशिवाय काही घेऊ नये, जुने रिपोर्ट आणावेत आणि मधुमेह असेल तर औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे, एवढाच मजकूर. तो कोण वाचणार आणि कुठे लागणार, याबद्दल एक शब्दही नाही. काम दहा मिनिटांचे वाटते, पण अनुवादक पहिल्याच क्रियापदाशी अडतो.

इंग्रजीला तिथे थांबावे लागत नाही. नातवापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना तिच्याकडे ‘यू’ हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र समोरचा माणूस कोण हे ठरल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘खाऊ नकोस’, ‘खाऊ नका’, ‘खाऊ नये’ यांतले एक निवडावेच लागते आणि प्रत्येकात बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातले अंतर वेगळे असते. ‘नकोस’ घरातल्या किंवा लहान माणसाला. ‘नका’ समोर बसलेल्या प्रौढ माणसाला. ‘नये’ हा भिंतीवरच्या नियमाचा सूर आहे. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही, नियम सांगितला जातो.

हे नुसते मानाचे कमी-जास्त नाही. आईला आपण ‘अगं, तू’ म्हणतो आणि कितीतरी घरांत वडिलांना ‘अहो, तुम्ही’. विठ्ठलालाही ‘तू’च. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिल्मन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960 साली युरोपीय भाषांतल्या अशा सर्वनामांमागे दोन गोष्टी दाखवल्या : अधिकार आणि जवळीक. मराठीतही दोन्ही एकाच वेळी काम करतात. म्हणून शब्दकोश उघडून ‘यू’चा प्रतिशब्द सापडत नाही. नाते माहीत असावे लागते.

सगळ्यांत आदराचे म्हणून ‘आपण’ वापरले की सुटलो, असे अनेकांना वाटते. पण मराठीत ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’ही होते आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही. ‘आपले जुने रिपोर्ट आपल्याकडे ठेवावेत’ हे वाक्य रुग्णाच्या हाती दिले, तर रिपोर्ट घरी ठेवायचे की केंद्रात जमा करायचे? दोन्ही अर्थ निघतात. ‘तुमचे रिपोर्ट तुमच्याजवळच ठेवा’ म्हटले की शंका उरत नाही.

आता तीच तीन वाक्ये दोन ठिकाणी लावून पाहू. भिंतीवरच्या फलकासाठी : ‘तपासणीपूर्वी आठ तास साध्या पाण्याव्यतिरिक्त काहीही घेऊ नये. जुने अहवाल सोबत आणावेत. मधुमेह असल्यास औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ रुग्णाच्या हातातल्या चिठ्ठीसाठी : ‘तपासणीच्या आधी आठ तास काही खाऊ-पिऊ नका, साधं पाणी चालेल. जुने रिपोर्ट बरोबर आणा. मधुमेह असेल, तर औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारा.’

या दोन्हींत फक्त क्रियापद बदललेले नाही. ‘अहवाल’चे ‘रिपोर्ट’ झाले, ‘असल्यास’चे ‘असेल, तर’, ‘साध्या पाण्याव्यतिरिक्त’ जाऊन ‘साधं पाणी चालेल’ आले. सूर बदलला की शब्द, प्रत्यय, वाक्याची घडण सगळे एकत्र हलते. म्हणूनच काम संपल्यावर ‘जरा सोपं करा’ असा निरोप आला, तर ‘नये’च्या जागी ‘नका’ घालून भागत नाही. मजकूर पुन्हा लिहावा लागतो. घाईत अर्धेच बदलले की ‘आपण उपाशीपोटी या आणि तुमचे अहवाल सोबत आणावेत’ अशी खिचडी होते. ती ओळखायला सोपा उपाय आहे. पेन्सिल घेऊन फक्त सर्वनामे आणि क्रियापदांचे शेवट अधोरेखित करायचे. एका पानावर ‘आणा’ आणि ‘आणावेत’, ‘साधं’ आणि ‘साधे’ शेजारी दिसले, तर सूर कधी ठरलाच नव्हता.

मग माहितीच आली नसेल तर काय करायचे? ‘औपचारिक हवे की अनौपचारिक?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही. बहुतेक जण ‘नेहमीसारखं’ म्हणतात. वरच्यासारखे दोन नमुने पाठवून ‘यातला कोणता?’ असे विचारले, की ज्याला व्याकरणातले काही कळत नाही तोही लगेच बोट ठेवतो. तरीही उत्तर आले नाही, तर अनोळखी प्रौढ वाचकासाठी ‘तुम्ही’ धरावे आणि मजकुराबरोबर एक ओळ लिहून द्यावी : वाचक प्रौढ रुग्ण, संबोधन ‘तुम्ही’, क्रियापद ‘करा-नका’, शब्द रोजचे. पुढे फलक हवा होता असे निघाले, तर नेमके काय बदलायचे ते त्या ओळीवरून दोघांनाही कळते.